नव्या क्लायंटकडे ॲडव्हान्स मागताना: कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत

ॲडव्हान्स मागणं अवघड जातं, कारण बहुतेक फ्रीलान्सर तो चुकीच्या वेळी मागतात. काम काय करायचं ते ठरतं, किंमत ठरते, क्लायंट "चला मग, करा सुरू" म्हणतो, आणि तेव्हा आपण घसा खाकरून "सर, थोडं ॲडव्हान्स मिळालं असतं तर..." असं सुरू करतो. समोरच्याच्या लेखी व्यवहार पक्का झालेला असतो. त्यात आता आपण नवी अट घालतोय. अविश्वासाचा वास तिथून येतो. तीच अट किंमत सांगतानाच आली असती, तर त्याने ती किंमतीसारखीच ऐकली असती.

म्हणून पुढे दिलेल्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलंय. नाशिकची एक पॅकेजिंग डिझायनर आहे. तिला सोलापूरहून शेंगदाणा चटणी करणाऱ्या एका घरगुती उद्योगाचा फोन आला आहे. त्यांना ४ प्रकारच्या चटण्यांची पाऊच-डिझाइन आणि लोगो हवाय. ओळखीतून आलेलं काम आहे, पण प्रत्यक्ष ओळख नाही. मुलगा फोनवर बोलतो, व्यवहार वडील बघतात. कामाची किंमत ४८,००० रुपये.

## १. फोन करण्याआधी स्वतःशी ठरवा

आधी आकडा. "निम्मे घेतात सगळे" हे कारण क्लायंटला सांगता येत नाही, त्यामुळे ते स्वतःलाही पुरत नाही. स्वतःला विचारा: क्लायंटच्या हातात पहिली उपयोगी वस्तू पडेपर्यंत माझं किती काम झालेलं असेल? पॅकेजिंगमध्ये ती वस्तू म्हणजे पहिलं पूर्ण डिझाइन. त्याचं चित्र एकदा त्यांच्या मोबाइलमध्ये गेलं की दुसऱ्या कुणाकडूनही ते पुन्हा काढून घेता येतं. तिथपर्यंतचं काम एकूण कामाच्या साधारण ४० टक्के असेल, तर ॲडव्हान्सही ४० टक्के. आपल्या डिझायनरने असे हप्ते ठरवले:

- सुरुवातीला ४० टक्के: १९,२०० रुपये
- पहिलं डिझाइन पसंत पडल्यावर ४० टक्के: १९,२०० रुपये
- छपाईच्या फाइली देण्याआधी २० टक्के: ९,६०० रुपये

शेवटचा हप्ता मुद्दाम लहान ठेवलाय. फाइल छापखान्यात पोचली की क्लायंटला डिझायनरची गरज उरत नाही. म्हणून तिथे मोठी रक्कम अडकवायची नाही आणि तीसुद्धा फाइल देण्याआधी घ्यायची. अनुवादकाचं, व्हिडिओ एडिटरचं किंवा वेबसाइट करणाऱ्याचं प्रमाण वेगळं येईल, पण हिशोब करायची पद्धत हीच. ८-१० हजारांच्या आतलं लहान काम असेल तर हप्त्यांची कटकट नको, निम्मे आधी आणि निम्मे फाइल देताना एवढं पुरतं. मोठ्या कामाचे सगळे पैसे नव्या क्लायंटकडे आधीच मागू नका. मग सगळा धोका त्याच्यावर जातो आणि त्याला वाटणारी शंका रास्त ठरते.

दुसरी गोष्ट, आणि ही जवळजवळ सगळे विसरतात: पैसे परत कधी करणार? क्लायंटच्या मनात भीती असतेच की ही बाई पैसे घेऊन फोन उचलायची बंद झाली तर? त्याने ती बोलून दाखवायच्या आधी तुमच्याकडे उत्तर तयार हवं. आपल्या डिझायनरने ठरवलं: काम सुरू होण्याआधी त्यांनी रद्द केलं तर पूर्ण रक्कम परत. सुरू झाल्यावर, पण पहिलं डिझाइन दाखवण्याआधी रद्द केलं तर निम्मी परत. डिझाइन दाखवल्यावर परत नाही. आणि तिच्याकडून ठरलेल्या तारखेनंतर ७ दिवसांतही पहिलं डिझाइन आलं नाही, तर पूर्ण रक्कम परत.

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. अट फक्त समोरच्याला बांधत असेल तर ती संशयासारखी ऐकू येते. दोघांना बांधत असेल तर तो व्यवहार होतो.

तपासा: रक्कम, ती कशासाठी, आणि कधी परत, ही तीन उत्तरं न अडखळता सांगता येतात का? नसतील तर पुढच्या पायरीवर जाऊ नका. फोनवर अडखळलात की समोरचा घासाघीस सुरू करतो.

## २. पहिल्या बोलण्यात काय विचारायचं

पहिल्या फोनवर आकडा सांगायचा नाही, पण ॲडव्हान्सची चाहूल द्यायची. त्याआधी कामाचे प्रश्न विचारून घ्या. त्यातले काही प्रश्न पैशांचेच असतात, फक्त ते तसे वाटत नाहीत.

पहिला प्रश्न: डिझाइन पसंत कोण करणार आणि पैसे कोण देणार? चटणीच्या उदाहरणात डिझाइन मुलगा बघणार होता आणि पैसे वडील देणार होते. हे कळलं नाही तर ॲडव्हान्सचं बोलणं मुलाशी होतं, तो "हो हो" म्हणतो, आणि वडिलांपर्यंत ते "त्या मॅडम आधीच पैसे मागतायत" एवढ्याच शब्दांत पोचतं. कळलं असेल तर कोटेशन दोघांना एकदमच पाठवता येतं.

दुसरा: बिल कोणाच्या नावावर करायचं, जीएसटी क्रमांक आहे का? ज्याला खरंच काम करून घ्यायचंय त्याला हा प्रश्न आवडतो. नुसता दर विचारत फिरणारा इथे "ते बघू नंतर" म्हणतो.

तिसरा: माल बाजारात कधी आणायचाय? पुढचं सगळं या उत्तरावर उभं राहतं. ते म्हणाले, दिवाळीच्या आधी. पाऊच छापून यायला वेळ लागतो, त्याआधी डिझाइन पक्कं व्हायला हवं, म्हणजे सुरुवात अमुक आठवड्यात झालीच पाहिजे. हा हिशोब त्यांच्यासमोर फोनवरच मांडा. आता सुरुवातीची तारीख ही तुमची नाही, त्यांची गरज झाली.

आणि मग, बोलणं संपताना, एक वाक्य:

> "मी उद्या संध्याकाळपर्यंत कोटेशन पाठवते. त्यात कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याचे पैसे लिहिलेले असतील. पहिला हप्ता आला की तुमच्या कामाची तारीख माझ्याकडे पक्की होते."

एवढंच. टक्केवारी नाही, कारण नाही. लग्नाचा मांडववाला विसार घेतल्याशिवाय वहीत तारीख लिहीत नाही, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. तुमचा पैसाही तारखेशी जोडला की तेच होतं. तो विश्वासाचा पुरावा म्हणून मागितला की बिघडतं.

चूक: "मागे एका क्लायंटने पैसे बुडवले, म्हणून आता मी आधी घेते." हे खरं असलं तरी बोलू नका. ऐकणाऱ्याला त्यातून एकच कळतं, की तुम्ही त्याला त्या बुडव्याच्या रांगेत बसवलंय.

## ३. कोटेशनमध्ये ते कुठे आणि कसं लिहायचं

पहिल्या पानावर काम, त्याखाली किंमत, आणि किंमतीला लागूनच हप्ते. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात "अटी व शर्ती" या मथळ्याखाली ॲडव्हान्स टाकला की तो लपवल्यासारखा वाटतो. मग नंतर बोलायची वेळ येते तेव्हा "हे कुठे होतं?" हा प्रश्न ऐकावा लागतो.

लिहिण्याची एक युक्ती सांगतो, ती जवळपास प्रत्येक धंद्यात चालते. "काम सुरू करण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी" अशी एक यादी करा आणि ॲडव्हान्स त्या यादीत बसवा. चटणीच्या पाऊचसाठी यादी अशी झाली:

> काम सुरू करण्यासाठी तुमच्याकडून लागेल:
> – छापखान्याकडून पाऊचचं माप आणि आखणीची फाइल
> – पाऊचवर छापायचा मजकूर: घटक, निव्वळ वजन, एफएसएसएआय परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, पोषणमूल्यं
> – पहिला हप्ता: १९,२०० रुपये
>
> या तिन्ही गोष्टी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामाचे १० दिवस मोजून पहिलं डिझाइन तुम्हाला मिळेल.

या यादीत पैसे मजकुराच्या शेजारी बसलेत. परवाना क्रमांक मागितला म्हणून कुणी "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणत नाही. आणि ही नुसती मांडणीची हुशारी नाही. मजकूर आल्याशिवाय काम खरोखरच पुढे जात नाही. घरगुती उद्योगांमध्ये काम रखडतं ते बऱ्याचदा पैशांपेक्षा पोषणमूल्यांच्या तक्त्यामुळे, कारण तो प्रयोगशाळेतून यायचा असतो.

त्याखाली पैसे परत करण्याचे नियम चार ओळींत लिहा, पहिल्या पायरीत ठरवले तसेच, साध्या वाक्यांत. वकिली मराठी नको. आणि कोटेशन किती दिवस लागू आहे तेही लिहा. १५ दिवस ठीक.

"ॲडव्हान्स" हा शब्द वापरायला हरकत नाही, सगळ्यांना कळतो. पण हप्त्यांच्या तक्त्यात "पहिला हप्ता" जास्त चांगला बसतो, कारण दुसरा आणि तिसरा त्याच्या खालीच दिसतात. "टोकन" म्हणू नका. टोकन म्हटलं की लोक ५०० किंवा १००१ रुपये पाठवून मोकळे होतात आणि काम सुरू झालं असं धरतात.

तपासा: कोटेशनमधून तुमचं नाव झाकून ते वाचा. क्लायंटने काय द्यायचं हे जितकं स्पष्ट आहे, तितकंच तुम्ही काय आणि कधी देणार हेही स्पष्ट आहे का?

## ४. कोटेशन पाठवल्यावरचा फोन

नुसतं पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकून वाट बघत बसू नका. पाठवा, आणि त्यांनी उघडून बघितल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी फोन करा. पैसे देणारा माणूस फोनवर हवा. सोलापूरच्या बाबतीत वडील.

बोलताना क्रम कोटेशनचाच ठेवा: काम, तारीख, किंमत, हप्ते. हप्त्यांवर आलात की वाक्य पूर्ण करा आणि गप्प बसा.

> "काका, एकूण ४८ हजार, तीन हप्त्यांत. पहिला १९,२०० चा. तो आणि मजकूर आला की सोमवारपासून तुमचं काम घेते."

त्यानंतर जी शांतता पडते, ती भरायचा मोह होतो. "तुम्हाला जमेल तसं, कमी-जास्त चालेल" हे वाक्य नेमकं तिथेच तोंडातून निसटतं आणि आधीच्या तीन पायऱ्यांची मेहनत वाया जाते. समोरचा माणूस बहुतेक वेळा फक्त मनात हिशोब करत असतो. करू द्या.

मग येतात ती ठरलेली उत्तरं. त्यांना काय म्हणायचं, ते जरा सविस्तर बघू.

"पैशांचं काही नाही ताई, आम्ही कुठं पळून चाललोय?" हा नकार नाही. हे एक प्रकारचं आश्वासन आहे, आणि त्याला आश्वासनानेच उत्तर द्यायचं. "नाही हो काका, तो प्रश्नच नाही. हप्ता आला की मी त्या दहा दिवसांत दुसरं काम घेत नाही, एवढ्यासाठीच तो आहे." लगेच तारखेवर या: "मग सोमवार धरू की गुरुवार?" विश्वास आहे की नाही या वादात एक वाक्यसुद्धा जास्त घालवू नका.

"आधी एक सॅम्पल दाखवा, आवडलं तर लगेच देतो." इथे बरेच जण फसतात, कारण मागणी वाजवी वाटते. पण पॅकेजिंगमध्ये सॅम्पल हेच काम असतं. उत्तर: "माझी आधीची चार-पाच पाऊच पाठवते, त्यातली दोन तर दुकानात मिळतील, हातात घेऊन बघा. तुमच्या चटणीचं डिझाइन मात्र पहिल्या टप्प्यात होईल." तरीही अडले, तर एक लहान, वेगळं, पैशांचं काम पुढे करा: फक्त लोगो, किंवा चारपैकी एकाच चटणीचं पाऊच, त्याची वेगळी किंमत, आणि तीही त्याच पद्धतीने. दोघांनाही एकमेकांचा अंदाज येतो. फुकट सॅम्पल देऊ नका. दिलेलं सॅम्पल दुसऱ्याकडे जाऊन स्वस्तात "पूर्ण" होतं.

"एवढं नको, पाच हजार पाठवतो, बाकी काम बघून." रक्कम कमी करायची असेल तर पहिला टप्पाही त्याच प्रमाणात कमी करा. "पाच हजारांत लोगोच्या तीन कच्च्या कल्पना होतील. त्या पसंत पडल्या की उरलेला पहिला हप्ता द्या, मग पाऊच सुरू करते." काम तेवढंच ठेवून हप्ता कमी केला, तर पहिला आकडा हवेतला होता असा अर्थ निघतो. मग उरलेल्या ४३ हजारांवरही घासाघीस होणार.

"सध्या पितृपक्ष चालूय, घटस्थापनेला देतो." अगदी खरं कारण असू शकतं. अनेक घरांत त्या पंधरवड्यात नव्या कामाचे पैसे देत नाहीत. मान ठेवा. "चालेल ना. मग आपण सुरुवातही घटस्थापनेलाच करू. पण काका, मग पहिलं डिझाइन दसऱ्याच्या नंतर येईल, आणि दिवाळीआधी छापून व्हायला फार ओढाताण होईल. छापखान्याला एकदा विचारून घ्या." पैसे पुढे गेले की तारीखही पुढे जाते, इतकंच दिसू द्या. आवाज चढवायचा नाही की टोमणा मारायचा नाही. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन येतो, की मी माझ्या खात्यातून पाठवतो.

"आमच्या कंपनीत ॲडव्हान्स द्यायची पद्धतच नाही." घरगुती उद्योगाकडून असं उत्तर आलं तर वरचीच उत्तरं वापरा. मोठ्या कंपनीकडून आलं तर ते खरं असू शकतं. त्याचं सातव्या पायरीत बघू.

चूक: फोनवर ठरलं म्हणून लिखित काही न पाठवणं. फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत मेसेज हवा: "काका, बोलल्याप्रमाणे: पहिला हप्ता १९,२०० आणि मजकूर शुक्रवारपर्यंत. सोमवारी काम सुरू. पहिलं डिझाइन कोटेशनमध्ये लिहिल्याप्रमाणे दहा दिवसांत. ठीक असल्यास इथे 'ठीक' लिहा." ते "ठीक" पुढे उपयोगी पडतं.

## ५. हप्त्याचं बिल

आता प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पाठवा, म्हणजे पैसे मागणारा कागद. अंतिम बिल नाही. त्यावर तुमचं नाव, त्यांचं नाव, कामाचं वर्णन, एकूण रक्कम, आत्ता द्यायची रक्कम, खाते क्रमांक, आयएफएससी, यूपीआय आयडी आणि पॅन. बँक खात्यावरचं नाव आणि बिलावरचं नाव वेगळं असेल तर कारण आधीच सांगा. पैसे पाठवताना वेगळंच नाव दिसलं की चांगला माणूसही थबकतो.

करांच्या दोन गोष्टी इथे अडखळवतात.

जीएसटी: सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात साधारणपणे नोंदणी लागत नाही. नोंदणी नसेल तर बिलात जीएसटी लावताच येत नाही. नोंदणी असेल तर लक्षात ठेवा की सेवांमध्ये ॲडव्हान्सवरही जीएसटी भरावा लागतो, आणि पैसे आल्यावर रिसीट व्हाउचर, म्हणजे ॲडव्हान्स मिळाल्याची पावती, द्यायचं असतं. १८ टक्के दराने १९,२०० वर ३,४५६ रुपये, म्हणजे मागायचे २२,६५६. कोटेशनमध्ये "जीएसटी वेगळा" लिहिलं नव्हतं आणि आता वाढीव आकडा आला, तर समोरच्याला फसवल्यासारखं वाटणारच.

टीडीएस: क्लायंट कंपनी असेल आणि वर्षभरात तुम्हाला देण्याची व्यावसायिक फी ५०,००० च्या वर जाणार असेल, तर ती बहुतेक १० टक्के आयकर कापून पैसे पाठवेल, आणि ही कपात ॲडव्हान्समधूनही होते. १९,२०० ऐवजी १७,२८० आले म्हणजे पैसे कमी दिले असं नाही. रागाने मेसेज पाठवण्याआधी विचारा. कापलेली रक्कम पुढे आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा दिसायला हवी. पॅन दिला नसेल तर कपात २० टक्क्यांनी होऊ शकते, म्हणून तो बिलावर हवाच.

## ६. वाट बघणं, खात्री करणं, सुरुवात

शुक्रवार ठरला होता आणि शुक्रवार गेला. शनिवारी सकाळी एक मेसेज, त्यात पैशांचा उल्लेख तारखेच्या पोटात:

> "नमस्कार काका. सोमवारचं काम तुमच्यासाठी राखून ठेवलंय. मजकूर मिळाला, धन्यवाद. हप्ता आज जमा झाला तर सोमवारीच सुरू करते, नाहीतर पुढचा मोकळा दिवस गुरुवार आहे. कसं करू?"

मंगळवारपर्यंत उत्तर नाही आलं तर एक फोन. त्यानंतर आठवडाभर काहीच नाही, तर शेवटचा मेसेज: तारीख सोडतेय, जमेल तेव्हा कळवा, कोटेशन अमुक तारखेपर्यंत लागू आहे. रोज आठवण करून देऊ नका. रोजच्या आठवणीने पैसे येत नाहीत, फक्त नातं बिघडतं.

या काळातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे "चेक निघालाय म्हणालेत, तोवर थोडं करून ठेवू." थोडं केलेलं काम दाखवायचा मोह होतो. दाखवलं की हप्त्याचा आणि सुरुवातीचा संबंध तुटतो, आणि तो तुम्हीच तोडलेला असतो. पुढच्या हप्त्यालाही मग हेच होतं.

पैसे "पाठवले" म्हटल्यावर स्क्रीनशॉटवर जाऊ नका, बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसतात का ते बघा. पहिल्यांदाच पैसे पाठवताना आधी १ रुपया पाठवायला सांगणं चांगलं. खातं बरोबर असल्याची त्यांनाही खात्री पटते. काही बँका नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम जाऊ देत नाहीत, त्यामुळे एका दिवसाचा उशीर खरा असू शकतो. चेक असेल तर तो वटेपर्यंत सुरुवात नाही.

सावध: ॲडव्हान्स द्यायला भलताच उत्सुक असलेला अनोळखी माणूसही तपासा. "पैसे घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा" असं कुणी म्हणालं तर थांबा. पैसे घेताना कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही. तसंच, ठरल्यापेक्षा जास्त रक्कम "चुकून" पाठवल्याचं सांगून उरलेली परत मागितली, तर आधी बँकेकडून खात्री करा.

जमा झालं की त्याच दिवशी पावती पाठवा. पावतीतच पहिल्या डिझाइनची तारीख लिहा. नव्या क्लायंटला पैसे गेल्यानंतरचे दोन दिवस सगळ्यात अस्वस्थ असतात, म्हणून तिसऱ्या दिवशी काहीतरी पाठवा: मजकुराबद्दलचा एखादा प्रश्न, रंगांबद्दल विचारणा. चटणीच्या कामात डिझायनरने विचारलं, तिखट आणि कमी तिखट अशा दोन पाऊचमध्ये गिऱ्हाइकाची गल्लत होते का? त्या एका प्रश्नावर काका फोनवर बराच वेळ बोलले, आणि दुसऱ्या हप्त्याच्या वेळी काही समजावून सांगावं लागलं नाही.

## ७. ॲडव्हान्स खरंच शक्य नसेल तेव्हा

मोठ्या कंपन्यांत आधी व्हेंडर म्हणून नोंद, मग पर्चेस ऑर्डर, म्हणजे काम दिल्याचा कंपनीचा लेखी कागद, मग काम, मग बिल असा रस्ता असतो. तुमच्याशी बोलणाऱ्या मॅनेजरच्या हातात ॲडव्हान्स देणं नसतं. त्याच्यावर दबाव टाकण्यात अर्थ नाही. त्याऐवजी तीन गोष्टी मागा: काम सुरू होण्याआधी पर्चेस ऑर्डर हातात, पहिला टप्पा दोन आठवड्यांपेक्षा मोठा नको आणि तो संपताच बिल, आणि बिलाचे पैसे किती दिवसांत हे ऑर्डरवरच लिहिलेलं. पर्चेस ऑर्डरशिवाय "तुम्ही सुरू करा, ऑर्डर पाठोपाठ येतेय" याला होकार देऊ नका. अशी ऑर्डर कधीकधी येतच नाही, आणि मग बिल कोणत्या खात्यात टाकायचं हे त्या मॅनेजरलाही माहीत नसतं.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद, करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर विनामूल्य होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर व्याज मागता येतं. नोंदणी काम देण्याआधीची हवी. उद्यम क्रमांक बिलाच्या वरच्या भागात छापा, त्याबद्दल वेगळं भाषण नको. कंपनीच्या अकाउंट्स विभागाला त्याचा अर्थ कळतो.

आणि लहान क्लायंट, ज्याला ना ॲडव्हान्स द्यायचाय, ना छोटा टप्पा, ना लेखी काही, त्याला एकच मेसेज: "आत्ता जमत नसेल तर हरकत नाही. पुढे कधी करायचं झालं तर याच कोटेशनवर बोलू." मग ती तारीख दुसऱ्या कामाला द्या.